फ्लर्ट करताना टाइप करायचं की बोलायचं: पहिली व्हॉइस नोट कशी रेकॉर्ड करावी

"शहाणाच आहेस." हे वाक्य टाइप करून पाठवलं तर समोरचा थबकतो. कौतुक आहे, राग आहे की चेष्टा, हे त्याला कळत नाही. मग तो एक डोळा मारणारा इमोजी शोधतो, तो सापडला नाही तर मनातल्या मनात सगळ्यात वाईट अर्थ धरतो. हेच वाक्य तिनं "शहाऽणाच आहेस" असं ओढून, शेवटी हसू दाबत म्हटलं, तर शंकेला जागा उरत नाही. "हो का?", "बघू हं", "जा तिकडे", "तुला काय करायचंय?" ही सगळी याच जातीची वाक्यं. चिडवणं, लाडिक रुसणं, खोटं खोटं रागावणं हे मराठीत बरंचसं सुरात आणि हेलात असतं, आणि लिपीत ते उतरत नाही.

कोणता मजकूर बोलायचा आणि कोणता टाइप करायचा, हे ठरवायची कसोटी इथेच आहे. वाक्याचा अर्थ सुरावर ठरत असेल तर ते बोला. अर्थ शब्दांवर ठरत असेल तर टाइप करा. कुठे भेटायचं, किती वाजता, कॅफेचं नाव, ट्रेनची वेळ हे आवाजात पाठवलं की समोरच्याला ते पुन्हा पुन्हा ऐकून लिहून घ्यावं लागतं, आणि त्यात गोडवा काही नाही. मनापासूनची माफीसुद्धा आधी लिहिलेलीच बरी, कारण वाचणाऱ्याला ती सावकाश, आपल्या गतीनं वाचता येते.

जस्टिन क्रूगर आणि निकोलस एपली यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही वाक्यं गंभीरपणे, काही उपरोधानं सांगायची, एकदा ईमेलनं आणि एकदा आवाजातून, आणि ऐकणाऱ्यानं कोणतं कसं होतं ते ओळखायचं. आवाजातून साधारण तीन चतुर्थांश वाक्यं बरोबर ओळखली गेली. ईमेलमधून निम्म्याहून थोडीच जास्त, म्हणजे जवळपास नाणं उडवल्यासारखं. पण पाठवणाऱ्यांना मात्र दोन्हीकडे आपला सूर सारखाच पोहोचेल याची खात्री होती. टाइप केलेली चेष्टा फसते ती याच कारणानं. लिहिताना आपल्या डोक्यात सूर वाजत असतो, वाचणाऱ्याच्या डोक्यात तो वाजत नाही.

पाठवण्याआधी: वेळ आणि परवानगी

ओळख होऊन दोनच मेसेज झाले असतील तर व्हॉइस नोट नको. आवाज ही बरीच जवळची गोष्ट आहे. अनोळखी माणसाचा आवाज अचानक कानात आला की दडपण येतं. दोन्हीकडून काही दिवस मोकळं बोलणं चाललंय, समोरची व्यक्तीही आपणहून प्रश्न विचारतेय, चेष्टेला चेष्टेनं उत्तर देतेय, अशा वेळी पहिली नोट योग्य ठरते. आणि पहिल्यांदा विचारून घ्या, साध्या शब्दांत: "हे टाइप करून मजा नाही. बोलून पाठवू?" उत्तर "पाठव की" आलं तर अर्धं काम झालं, कारण आता ती नोटची वाट बघतेय. उत्तर "आत्ता ऑफिसात आहे" असं आलं तर संध्याकाळी पुन्हा विचारू नका. तिला ऐकायचं असेल तर ती स्वतः आठवण काढेल. उत्तरं एका शब्दात यायला लागली असतील, किंवा समोरची व्यक्ती तुमच्या हाताखाली काम करत असेल, तर हा मार्ग पूर्ण सोडून द्या.

ती नोट कुठे ऐकली जाणार, याचा विचार नवखी माणसं करत नाहीत. आपल्याकडे बऱ्याच घरांत फोन स्पीकरवरच वाजतो. स्वयंपाकघरात आई आणि काकू उभ्या असताना ओट्यावरच्या फोनमधून तुमचा लाडिक आवाज आला, तर ती पुढची नोट उघडणारच नाही. म्हणून नोटेआधी एक ओळ टाइप करा: "१४ सेकंदांची आहे, हेडफोन लावून ऐक." यातून तिला दोन गोष्टी कळतात, वेळ फार जाणार नाही आणि एकटीनं ऐकायची आहे. हेडफोन नसतील तर व्हॉट्सॲपवर नोट सुरू करून फोन कानाला लावला की आवाज स्पीकरऐवजी कानाजवळून येतो. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं, सांगून ठेवा.

समोरची व्यक्ती परदेशात असेल तर तिथलं घड्याळ बघा. पुणे आणि न्यू जर्सी यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो. तुमच्या रात्रीच्या निवांत, जड आवाजातली नोट तिकडे दुपारच्या मीटिंगमध्ये पोहोचते. रेकॉर्ड करताना तिकडे किती वाजलेत ते धरून बोला.

जागा आणि फोन

चांगल्या माइकची गरज नाही. आवाज खराब होतो तो खोलीमुळे. बाथरूम, रिकामा हॉल, जिना, जिथे फरशी आणि उघड्या भिंती आहेत तिथे आवाज घुमतो आणि माणूस लांब उभा असल्यासारखा वाटतो. लांबून आलेल्या आवाजात लाडिकपणा टिकत नाही. बेडरूममध्ये, गादीवर बसून, पडदा किंवा उघडं कपाट समोर ठेवून बोला. कापड आवाज शोषून घेतं. पंखा बंद करा, कारण त्याचा वारा थेट माइकवर आला की सतत घरघर येते. कुकरची शिट्टी व्हायची असेल तर ती होऊ द्या, मग सुरू करा.

फोनचा मुख्य माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाजवळ असतो. तो बोटानं झाकला जातो, आणि मग "आवाज दबका का येतोय" हे कळत नाही. फोन तोंडासमोर पावासारखा आडवा धरायची सवय अनेकांना असते. तसं केलं की फ, भ, ख, प या अक्षरांचा श्वास सरळ माइकवर आदळतो आणि फट्‌ असा आवाज येतो. फोन हनुवटीच्या जरा बाजूला, तोंडापासून सुमारे एक वीत लांब, थोडा तिरका धरा. हळू, कुजबुजत्या सुरात एखादा शब्द म्हणायचा असेल तर तेवढ्यापुरता अर्धी वीत जवळ आणा. ब्लूटूथ इअरबडनं रेकॉर्ड करणं टाळा. त्यांचा माइक चालू झाला की बरेचसे संच कॉलच्या हलक्या दर्जावर जातात, आणि स, श, च यांची धार बोथट होते. फोनचाच माइक वापरा.

रेकॉर्डिंग, पायरी पायरीनं

आधी काय सांगायचंय ते एका वाक्यात ठरवा. पूर्ण मजकूर लिहून वाचू नका. वाचलेलं लगेच कळतं, कारण वाक्याच्या शेवटी सूर एकसारखा खाली पडतो. फक्त सुरुवातीचे तीन-चार शब्द आणि शेवटचा प्रश्न पक्का ठेवा, मधलं आपोआप येतं.

मग एकदा पाणी प्या आणि तेच वाक्य फोनशिवाय मोठ्यानं म्हणा. बराच वेळ गप्प असलेल्या घशातून पहिला शब्द खरखरीत येतो. तो खरखरीत शब्द इथेच संपवून टाकायचा.

व्हॉट्सॲपमध्ये माइकचं बटण दाबून धरा आणि बोट वर सरकवा. कुलपाचं चिन्ह येऊन रेकॉर्डिंग अडकतं आणि बोट मोकळं होतं. ही पायरी चुकवू नका. बोट दाबून धरून बोललात तर हात आखडतो, लक्ष बोटाकडे जातं, आणि शेवटचं अक्षर संपायच्या आत बोट उचललं जाऊन नोट निघूनही जाते. अडकवून ठेवलेली नोट थांबवता येते, पाठवण्याआधी ऐकता येते, कचऱ्याच्या डब्यात टाकता येते. अडखळण्याची अर्धी भीती इथेच संपते, कारण काही पाठवलं गेलेलंच नसतं.

आकडा ०:०१ वर गेला की मगच तोंड उघडा. लगेच बोललं तर पहिलं अक्षर कापलं जातं, आणि पहिला शब्द तिचं नाव असेल तर नेमकं नावच अर्धवट ऐकू येतं.

बोलायच्या आधी हसा. खरंच ओठ हलवा. हसलेल्या ओठांनी आवाज बदलतो आणि ऐकणाऱ्याला तो चेहरा न बघता ओळखू येतो. व्हिव्हियन टार्टर यांनी १९८० मध्ये हे तपासून दाखवलं होतं. कारण शारीरिक आहे: ओठ ताणले की घशापासून ओठांपर्यंतची पोकळी जरा आखूड होते आणि आवाज उजळ होतो. मात्र सगळी नोट दात दाखवत बोलू नका, कारण ताणलेल्या ओठांनी ओ आणि ऊ नीट येत नाहीत आणि जाहिरातीतल्या बाईसारखा सूर लागतो. हसून सुरुवात करा, मग ओठ सैल सोडा.

आवाज मुद्दाम जड करू नका. पुरुष हे फार करतात. घसा दाबून काढलेला खर्ज दोन वाक्यांनंतर करकरतो, आणि रोजच्या फोनवर तुमचा खरा आवाज ऐकला की ती फसवणूक वाटते. समोर हाताच्या अंतरावर ती बसली आहे एवढंच धरून बोला. मोठ्यानं बोलायचा मोह होत असेल तर तुम्ही फोनशी बोलताय, तिच्याशी नाही. नागपूरची बोली असेल तर "काय करून राहिली" तसंच येऊ द्या. मालवणात वाढलेल्याच्या तोंडी "काय गो" जितकं गोड लागतं तितकं दुसरं काही लागणार नाही. टाइप करताना सगळे सारखंच मराठी लिहितात. आवाजात गावासकट माणूस येतो, तो लपवून प्रमाण भाषा बोलायला गेलात तर व्हॉइस नोट पाठवण्याचा फायदाच गेला.

लांबी ८ ते २० सेकंद. त्याहून लांब नोट बरीच माणसं दीडपट किंवा दुप्पट वेगानं ऐकतात, आणि वेग वाढला की तुम्ही जपून ठेवलेला विराम आणि दबलेलं हसू दोन्ही चिरडतात. १४ सेकंदांत विरामांसह साधारण २५ शब्द बसतात. कमी वाटतात, पण चेष्टेला पुरतात.

एक नोट घडताना

समजा त्यानं शुक्रवारी रात्री छाती पुढे काढून सांगितलंय, "उद्या पहाटे चारला उठून राजमाची." शनिवारी सकाळी अकराला त्याचा मेसेज येतो: "अलार्म बंद करून परत झोपलो." दोघांची ओळख महिन्याभराची, चेष्टामस्करी रोजची. तिला चिडवायचंय. टाइप केलं तर होईल, "अहो ट्रेकर, झालं का राजमाचीचं दर्शन?" हा लिहिलेला "अहो" टोमणा वाटू शकतो, म्हणून आवाजच हवा.

पहिल्या खेपेला बहुतेक जण असं बोलतात:

"हाय, अरे, ऐक ना, मी आत्ताच तुझा मेसेज वाचला आणि मला इतकं हसू आलं ना, म्हणजे काल किती सांगत होतास तू चारला उठणार वगैरे, मला वाटलंच होतं खरं तर, बरं असू दे, पुढच्या वेळी जा, चल मी भाजी आणायला चाललेय, बोलू नंतर, बाय."

यात वाईट काही नाही, पण सगळं सांडलंय. पहिले चार शब्द नुसते घसा साफ करणारे. "हसू आलं" असं सांगितलंय, पण हसू ऐकू येत नाही. "वाटलंच होतं" हे वाक्य नकळत टोचतं, कारण ते त्या दिवसाबद्दल नसून त्याच्या स्वभावाबद्दल आहे. "पुढच्या वेळी जा" म्हटल्यावर त्याला बोलायला काही उरत नाही. आणि भाजी-बाय ही शेपटी ऐकताना त्याला वाटतं, हिला घाई आहे.

आता दुसरी खेप:

"अहो… राजमाचीकर. उठलात का? मी सकाळपासून तुझ्या फोटोची वाट बघत होते हं. पुढच्या शनिवारी तुझा अलार्म मीच होणार. चारला फोन केला तर उचलशील?"

"अहो" नंतर पूर्ण एक सेकंद थांबायचं. त्या सेकंदात तो फोन कानाजवळ घेतो. "राजमाचीकर" हा शब्द गंभीरपणे, सत्कार समारंभात नाव पुकारल्यासारखा. "उठलात का" वर सूर चढवायचा आणि इथे जे हसू येईल ते दाबायचं, पण पूर्ण दाबायचं नाही, नाकातून थोडं सुटू द्यायचं. मग लगेच "तुझ्या" वर यायचं. अहो-जाहो वरून अरे-तुरे वर येण्याच्या या एका पायरीत सगळा लाडिकपणा आहे, म्हणून इथे वेग कमी करा. "हं" जरासा लांबवा. "मीच होणार" हे वाक्य मात्र साध्या, रोजच्या सुरात बोला. सगळीच वाक्यं गोड केली की कोणतंच गोड लागत नाही. शेवटचा प्रश्न विचारला की गप्प. थांबवायचं बटण, एकदा ऐकणं, पाठवणं.

वाट बघत नसाल तर "वाट बघत होते" म्हणू नका, आवाजात खोटं चटकन पकडलं जातं. त्याऐवजी "मला वाटलं आत्ता तू गडावर फोटो काढत असशील" असं काहीही खरं चालेल. आणि ओळख चारच दिवसांची असेल तर पहाटे चारचा फोन फार होतो. तिथे "पुढच्या वेळी किती वाजता उठवायचं ते सांगून ठेव" पुरे. तो तिला पाठवत असेल तर हे आणखी सांभाळा. अपरात्री फोन करायचा इशारा, चेष्टेतला असला तरी, बाईमाणसाला दचकवू शकतो.

आपलाच आवाज नकोसा वाटतो तेव्हा

पाठवण्याआधी ऐकलं की जवळपास प्रत्येकाला वाटतं, "हा माझा आवाज? एवढा पातळ?" बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, आणि हाडांतून जाड, खालचे सूर जास्त पोहोचतात. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो. म्हणजे तुम्हाला जो पातळ वाटतोय तोच आवाज समोरची व्यक्ती रोज ऐकते, आणि तोच आवडलाय म्हणून तर ती बोलतेय. हे माहीत असलं तरी नकोसं वाटणं लगेच जात नाही. म्हणून ऐकायचं ते एकदाच, आणि फक्त तीन गोष्टींसाठी: पहिला शब्द पूर्ण आलाय का, मधे कुठे शब्द गिळला गेलाय का, आणि शेवट प्रश्नावर झालाय की "बरं चल, काही नाही, असंच" वर. आवाज कसा वाटतो हे तपासायचं नाही.

जास्तीत जास्त तीन खेपा. पहिलीत घसा मोकळा होतो, दुसरी बहुधा चांगली असते, तिसऱ्यानंतर ते पाठांतर होतं आणि तो कोरडेपणा ऐकू येतो. दुसऱ्या खेपेत एखादा शब्द अडखळला पण हसू खरं असेल, तर तीच पाठवा. अडखळून स्वतःच हसलेली नोट गुळगुळीत नोटेपेक्षा जास्त वेळा ऐकली जाते. तिसरीनंतरही जमत नसेल तर त्या दिवशी टाइप करा.

पाठवल्यानंतर

नोट ऐकली गेली की माइकचं चिन्ह निळं होतं. निळं झालं आणि तासभर उत्तर नाही, तर दुसरी नोट पाठवून "ऐकलंस का?" विचारू नका. मजकुराला एका हातानं उत्तर देता येतं. नोटला उत्तर द्यायचं तर त्यालाही शांत कोपरा शोधावा लागतो, आणि तो सापडायला वेळ लागतो.

उत्तर आवाजात आलं तर पुढचा मार्ग मोकळा आहे, पण प्रत्येक मेसेज नोटमध्ये करू नका. दिवसाकाठी एखादी पुरे, बाकी टाइप. उत्तर टाइप करून आलं पण लांब आणि खेळकर असेल, तर तिला ऐकायला आवडतं, बोलायला संकोच आहे. अशा वेळी "तू पण बोल ना" असा आग्रह धरू नका. तुम्ही पाठवत राहा, ती लिहीत राहील. तीन नोटांना नुसता अंगठा किंवा "हाहा" आलं तर नोटा थांबवा आणि लिहिण्यावर परत या. त्याबद्दल विचारणाही नको.

नोट पुढे पाठवता येते हे कायम लक्षात ठेवा. मैत्रिणींच्या ग्रुपमध्ये ती फिरली तर तुम्हाला कळणारही नाही. रेकॉर्ड करताना १ चं चिन्ह दाबलं तर नोट एकदाच ऐकता येते आणि पुढे पाठवता येत नाही, पण शेजारी दुसरा फोन ठेवून ती कुणीही टिपू शकतो. तिसऱ्या माणसाची निंदा, नात्यातलं गुपित किंवा समोरून न मागितलेलं शृंगारिक बोलणं नोटमध्ये नको, एकदा ऐकायच्या नोटमध्येही नको. चुकीच्या व्यक्तीला गेली तर दोन दिवसांहून थोड्या अधिक काळापर्यंत ती दोन्हीकडून पुसता येते. माइक निळा व्हायच्या आत पुसली तर ती ऐकली गेलेली नसते, फक्त मेसेज पुसल्याची खूण मागे राहते. त्यावर "अरे, दुसऱ्याची नोट चुकून तुला आली" एवढं लगेच लिहून टाका.